कोणता करपा

पोळ्यानंतरच्या मारबतीच्या दुसऱ्या दिवशी वारा सुटला तो असा सुटला की सुशिलाबाईच्या अंगणातला दोडक्याचा वेल मांडवासकट आडवा झाला. मागोमाग पाऊस आला. गावतलाव सांडव्यावरून वाहू लागला, आणि तालुक्याच्या गोरेगावच्या रस्त्यावरच्या पुलाखाली नाला इतका फुगला की बसही अलीकडेच थांबून मागे फिरली. पाऊस ओसरल्यावर सुशिलाबाई आधी बांधीवर, धानाच्या शेतावर गेली. धान लोळला नव्हता. पानं मात्र एकमेकांवर घासून चिरली होती, कुठं टोकं फाटली होती. एवढं तर चालायचंच, असं म्हणून ती घरी आली.

नवरा सेवकराम गेल्यापासून शेती तिनं आणि हिमांशूनं मिळून केली. सेवकरामला जाऊन तीन पावसाळे झाले होते. हिमांशू पोरगा शिकलेला होता, गोंदियाच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन आलेला. नोकरीसाठी फिरला, दमला, आणि मग आईच्या सोबत चिखलात उतरला. उतरला तो मन लावून उतरला. रोवणी ओळीत केली, बियाणं चांगलं आणलं, आणि मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं. पानाचा फोटो काढायचा, ॲपला दाखवायचा, की ते रोग सांगायचं. मागच्या साली गावातल्या गोवर्धनच्या वांग्यांवर त्यानं सांगितलेलं बरोबर निघालं होतं. शेजारच्या गावातल्या एकाच्या मिरच्याही त्यानंच वाचवल्या. तेव्हापासून कोणाच्या शेतात काही दिसलं की लोक हिमांशूला हाक मारायचे, नाहीतर फोटो पाठवायचे. तो मोटारसायकल काढून जायचा, फोटो काढायचा, वाचून दाखवायचा. त्याचं त्याला फार बरं वाटे. कॉलेजात शिकलेलं काहीतरी गावाच्या कामी येतंय, असं त्याला वाटायचं, आणि आईलाही वाटायचं.

वाऱ्यापावसानंतर आठवड्याभरानं सुशिलाबाई सकाळी वरच्या बांधीत पाणी पाहायला गेली. त्यांच्या दोन बांध्या होत्या. वरची तलावाच्या पाटाला लागून, आणि दुसरी तिच्या बाजूला, नाल्याकडे उतरलेली. वरच्या बांधीतलं जास्तीचं पाणी धुऱ्यातल्या, म्हणजे बांधातल्या, तोंडातून खाली वच्छलाच्या बांधीत जायचं. वाडवडिलांपासून तसंच होतं. वच्छलाची ती जमीन स्वतःची नव्हती, ठेक्यानं केलेली. नवरा सुकराम गोंदियाला राइस मिलमध्ये हमाली करायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. धानाचं सगळं वच्छलाच पाहायची.

त्या सकाळी सुशिलाबाईला धुऱ्याजवळची पानं वेगळी दिसली. टोकाकडून वाळत आलेली, आणि कडेकडेनं पिवळी पट्टी खाली उतरलेली. पट्टीची धार सरळ नव्हती, पाण्याच्या लाटेसारखी वाकडीतिकडी होती. तिनं एक पान बोटांत धरलं. पानावर बारीक पिवळसर थेंब होते, दवापेक्षा घट्ट, बोटाला चिकट लागणारे. ऊन चढलं तसे ते सुकून मोहरीएवढे कण झाले. तिनं ते नखानं खरवडले आणि पदराला हात पुसले.

"काही तरी झालं आहे रे धानाले," तिनं घरी येऊन सांगितलं.

हिमांशू त्या दिवशी गोंदियाला गेला होता. परतायला दिवस कलला. तसाच बांधीवर गेला आणि जे पान सगळ्यात खराब दिसलं ते तोडून त्याचा फोटो काढला. पान पार वाळलेलं होतं, त्यावर मागाहून पडलेले तपकिरी डागही होते. उजेड कमी होता. ॲपनं क्षणभर गोल फिरवून उत्तर दिलं: करपा. खाली औषधाचं नाव, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत एक ओळ, 'फवारणीपूर्वी स्थानिक कृषी तज्ज्ञाकडून खात्री करून घ्यावी.' ती ओळ प्रत्येक उत्तराखाली असायची. वांग्याच्या वेळीही होती, मिरचीच्या वेळीही होती.

"करपा आहे माय," हिमांशू म्हणाला. "बुरशीचा रोग आहे. औषध मिळते."

"सकाळी थेंब होते पानावर. पिवळे. त्याचं काय म्हनते तुहा मोबाइल?"

"दव असंन."

"दव मले समजत नाही का?"

हिमांशू हसला. "फोटोत दिसलं ते त्यानं सांगितलं. थेंबाचा फोटो कोन काढते आता, दिवस बुडून राहिला."

तरी तिच्या आग्रहाखातर त्यानं दुर्गेश्वरी मॅडमला फोन लावला. मॅडम कृषी सहायक होत्या. त्यांच्या स्वतःच्या गावांशिवाय आणखी एका रिकाम्या जागेचा भारही त्यांच्याकडे होता, आणि पावसानंतर त्या नाल्याकाठच्या गावांत पंचनामे करत फिरत होत्या. हिमांशूनं फोटो पाठवला होता. मॅडमचा आवाज वाऱ्यात तुटत होता.

"हिमांशू, फोटोवरून मी नाही सांगणार. मला झाड पाहावं लागेल. दोन-तीन दिवस थांबा, मी येते. तोवर युरिया देऊ नका, आणि पानं ओली असताना बांधीत उतरू नका. ऐकलं का?"

"हो मॅडम."

फोन ठेवून तो आईला म्हणाला, "दोन-तीन दिवस! करपा दोन-तीन दिवसांत पूर्ण बांधी खाऊन टाकते. अन् युरिया तर आपन मागच्या हप्त्यातच देऊन बसलो."

"मॅडम थांब म्हनते त थांब ना."

"त्या येतीन म्हनते. त्यांच्याकडं किती गावं आहेत, तुले माहीत आहे का? मागच्या साली खोडकिडा आला तेव्हा कधी आल्या होत्या?"

मागच्या साली मॅडम आल्या तेव्हा लोंब्या पांढऱ्या पडून गेल्या होत्या. चूक मॅडमची नव्हती, पण आल्या उशिरा हे खरं होतं.

दुसऱ्या दिवशी गोरेगावचा बाजार होता. कैलाशच्या कृषी केंद्रात, बी-औषधाच्या दुकानात, गर्दी होती. हिमांशूनं पिशवीतून पान काढायच्या आत कैलाशनं त्याच्या हातातला मोबाइल घेतला.

"करपा," त्यानं वाचलं. "अरे भाई, साफ तो लिखा है. हे घे. एकदम बढिया रिझल्ट आहे. करप्यासाठी सगळे हेच घेऊन जाऊन राहिले."

"पान आनलं आहे, पाह्यता का?"

"पान काय पाहू, तुझ्या मोबाइलनं पाह्यलं ना." कैलाशनं डबा पिशवीत टाकला आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

कैलाश काही लबाड माणूस नव्हता. त्यानं करप्याचं औषध मागणाऱ्याला करप्याचंच औषध दिलं. ते औषध खरंही होतं आणि ताजंही.

पुढच्या सकाळी हिमांशूनं पंप पाठीला बांधला. दुपारी पुन्हा पाऊस येईल असं मोबाइल सांगत होता, म्हणून तो लवकर निघाला. धानाची पानं दवानं निथळत होती. सुशिलाबाई धुऱ्यावर उभी राहून बघत होती. मॅडमनं काय सांगितलं ते तिला आठवत होतं. तिनं तोंड उघडलंही, "पानं ओली आहेत रे." पण पोरगा चार ओळी आत गेलेला होता, आणि दुपारच्या पावसात औषध धुऊन गेलं तर सगळंच वाया जाईल, हे तिलाही पटत होतं. हिमांशू कमरेएवढ्या धानातून पानं बाजूला सारत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी बांधी फिरला.

तो बाहेर आला तेव्हा वच्छला खालच्या धुऱ्यावर उभी होती. हातात दोन पानं.

"बाई, माह्या बांधीत बी कोपऱ्यावर असंच दिसून राहिलं. जठी तुमचं पानी उतरते तठी. काय आहे हे?"

"करपा आहे काकू," हिमांशू म्हणाला. "घाबरू नका. औषध उरलं आहे माझ्याकडं, तुमचंही मारून देतो."

वच्छलानं त्याच्याकडे असं पाहिलं की सुशिलाबाईला भरून आलं. नवरा बाहेरगावी, पंप उचलायला घरात कोणी नाही. हिमांशूनं बदल्यात काही मागितलं नाही, तिला औषध आणायलाही लावलं नाही. तसाच ओल्या पायांनी, ओल्या पँटीनं, पंप भरून तिच्या बांधीत उतरला आणि कोपऱ्यापासून सुरुवात करून सगळी बांधी फवारून आला. वच्छलानं दोघांना चहा पाजला. त्या चहाच्या वेळी तिघंही खूश होती.

दुपारी पाऊस आला. तलावाचा पाट भरून वाहिला, वरची बांधी भरली, आणि जास्तीचं पाणी नेहमीसारखं खाली उतरत राहिलं.

आठवडा उलटला, पंचनाम्यांत अडकलेल्या मॅडम आल्या नव्हत्या, आणि रोग थांबला नाही. आधी धुऱ्याजवळ असलेली पिवळी पट्टी आता बांधीच्या मध्यावर दिसू लागली. सुशिलाबाई रोज सकाळी जायची, आणि एका सकाळी तिच्या ध्यानात एक गोष्ट आली तेव्हा ती धुऱ्यावरच बसली. वाळलेली पानं सगळीकडे सारखी नव्हती. ती पट्ट्यापट्ट्यांनी होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जिथून जिथून हिमांशू पंप घेऊन चालला होता तिथून तिथून. वच्छलाच्या बांधीतही तसंच.

तिनं घरी येऊन पोराला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? पण हिमांशूनं स्वतःच पाहिलं असावं, कारण त्या दिवशी त्यानं सकाळचं जेवण अर्धं सोडलं, आणि मग अंगणात उभा राहून पुन्हा फोन लावला.

"मॅडम, तुमी आज या. मी घ्यायले येतो."

दुर्गेश्वरी मॅडम त्याच सकाळी आल्या, त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून. चाळिशीच्या बाई, उन्हानं रापलेल्या, पायात रबरी बूट. बांधीजवळ पोचल्यावर त्या लगेच आत उतरल्या नाहीत. धुऱ्यावरून दोन्ही बांध्यांभोवती फिरल्या. पाणी कुठून येतं, कुठं जातं, रोग आधी कुठं दिसला, वारा कुठल्या बाजूनं आला होता, युरिया कधी दिला, असं एकेक विचारत राहिल्या. मग खाली बसून एक पान न तोडता नुसतं उलटवून पाहिलं.

"सकाळी लवकर पानावर काही दिसतं का? थेंबासारखं?"

सुशिलाबाईनं पोराकडे पाहिलं नाही. "दिसते. पिवळं. चिकट. ऊन पडलं की कन होतात."

मॅडमनं मान हलवली. मग म्हणाल्या, "दोन काचेचे ग्लास पाहिजेत. अन् पिण्याचं स्वच्छ पाणी."

वच्छलाचं घर जवळ होतं, तिघंही तिच्या ओट्याशी गेली. तिनं ग्लास आणले, पाण्याची कळशी आणली, आणि ओट्यावर पदर खोचून उभी राहिली. मॅडमनं पिशवीतून कात्री काढली, आजारी पानाचा तुकडा कापला, जिथं पिवळं संपून हिरवं सुरू होतं बरोबर तिथला. तो एका ग्लासात असा लावला की कापलेलं टोक पाण्यात बुडालेलं राहावं. दुसऱ्या ग्लासात नाल्याकडच्या चांगल्या बांधीतल्या हिरव्या पानाचा तुकडा. दोन्ही ग्लास ओट्यावर उजेडात ठेवले.

"आता हात नका लावू. पाहत राहा."

चौघंही पाहत राहिली. काही वेळ काहीच झालं नाही. वच्छलाची शेळी येऊन कळशीला नाक लावून गेली. मग आजारी पानाच्या कापलेल्या टोकातून एक धागा सुटला. दुधासारखा, बारीक, धुरासारखा वळत वळत खाली उतरणारा. त्याच्यामागे दुसरा. बघता बघता ग्लासाच्या तळाचं पाणी गढूळ झालं. दुसऱ्या ग्लासातलं पाणी होतं तसंच नितळ होतं.

"हे जिवाणू आहेत," मॅडम म्हणाल्या. "पानाच्या शिरांत भरलेले. बुरशी असती तर असं निघालं नसतं."

"म्हणजे करपा नाही?" हिमांशूनं विचारलं.

"करपाच आहे. पण कोणता करपा? आपल्याकडं दोन्ही रोगांना करपाच म्हणतात. एक बुरशीचा. त्यात पानावर डोळ्यासारखे डाग पडतात, मधोमध राखाडी अन् कडेनं तपकिरी. हा कडा करपा. हा जिवाणूंचा. टोकाकडून कडेकडेनं उतरतो. वाऱ्यानं पानं चिरली की त्या जखमांतून आत शिरतो. तुम्ही मारलेल्या औषधानं बुरशी मरते, जिवाणूला काही होत नाही."

"ॲपमध्ये..." हिमांशूनं मोबाइल काढला, तो फोटो उघडला, आणि मॅडमसमोर धरला.

मॅडमनं तो नीट पाहिला, मोठा करून पाहिला. "एवढ्या वाळलेल्या पानाचा, संध्याकाळचा फोटो. वरून तपकिरी डागही पडलेले. हे पाहून मलाही बुरशीचा करपाच वाटला असता. म्हणून तर मी फोनवर नाही म्हटलं. फोटोत पान दिसतं रे, बांधी नाही दिसत. पाणी कुठून उतरतं ते नाही दिसत. पहाटे काय होतं ते नाही दिसत."

मग वच्छलानं विचारलं ते सगळ्यांना विचारायचं होतं.

"मंग याचं औषध कोनतं?"

मॅडमनं ग्लासातलं पाणी राखेच्या ढिगावर ओतलं. "लागल्यानंतर बरं करणारं असं औषध नाही ताई. पसरणं थांबवायचं. पाणी काढून बांधी कोरडी ठेवायची. युरिया बंद. ओल्या पानात माणूस उतरू द्यायचा नाही, पानाला लागलेलं अंगाला लागतं अन् पुढच्या पानाला जातं. अन् या बांधीचं पाणी दुसऱ्याच्या बांधीत जाऊ द्यायचं नाही."

वच्छलानं हिमांशूकडे पाहिलं. मग त्याच्या पायांकडे. तिनं ओट्यावरून ग्लास उचलले, आत घेऊन गेली, आणि कितीतरी वेळ ते घासल्याचा आवाज येत राहिला.

मॅडमनं पानांचे नमुने कागदात गुंडाळून घेतले, कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञाला दाखवायला. जाण्यापूर्वी त्या वच्छलाच्या बांधीखालच्या कास्तकारांकडे स्वतः गेल्या आणि प्रत्येकाला धुऱ्यातलं तोंड बंद करायला लावलं.

आता प्रश्न राहिला पाण्याचा. वरची बांधी कोरडी करायची, तर पाणी काढायचं कुठं? एकच तोंड होतं, आणि ते वच्छलाच्या बांधीत उघडत होतं.

"तिच्या बांधीत लागलंच आहे आता," हिमांशू हळूच म्हणाला.

"कोपऱ्यावर अन् पट्ट्यांवर लागलं आहे. बाकी अजून हिरवं आहे. मी पाह्यलं." सुशिलाबाई उठली. "नाल्याकडं काढायचं."

"नाल्याकडं आपली चांगली बांधी आहे माय. तिच्यातून पाणी नेलं त तिच्यातही लागंन."

"तिच्यातून नाही नेत. कडेनं नाली खंदू. धुरा घालून."

"तठी धान उभा आहे. गाभात आला आहे."

"माहीत आहे मले."

दुपारी, पानं वाळल्यावर, मायलेक नाल्याकडच्या बांधीत उतरले. धुऱ्याच्या कडेनं नालीपुरती जागा करायची तर तिथला धान उपटावा लागणार होता. हा धान निरोगी होता, हिरवागार. खोडं गोल फुगली होती. आत लोंबी होती, अजून बाहेर न आलेली. सुशिलाबाईनं आजवर हातानं धान रोवला होता, निंदला होता, कापला होता. गाभातला धान मुळासकट उपटण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. पहिला चूड, रोपांचा जुडगा, तिच्या हातून निघेना. मुळांनी माती घट्ट धरली होती. तिनं पाय रोवले, दोन्ही हातांनी ओढला, आणि मुळं सुटल्याचा आवाज आला तेव्हा तिनं डोळे मिटले. मग मिटलेल्या डोळ्यांनीच पुढचा चूड धरला.

हिमांशू मागून फावड्यानं माती काढत होता आणि दुसऱ्या बाजूला धुरा थापत होता. तो रडत होता. आईनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिच्यानं काम झालं नसतं.

दिवस मावळेपर्यंत नाली नाल्याला भिडली. सुशिलाबाईनं वच्छलाकडचं तोंड चिखलानं बुजवलं, वर पायानं तुडवून घट्ट केलं, आणि नालीकडचं तोंड फोडलं. पाणी गढूळ होऊन निघालं. खालच्या धुऱ्यावर वच्छला उभी होती. हे सगळं ती केव्हापासून पाहत होती कोण जाणे. तिनं हाक मारली नाही, आणि ती गेली तेही कळलं नाही.

केंद्रातून शास्त्रज्ञाचं उत्तर आलं ते मॅडमनं सांगितलं तेच होतं.

वच्छलाच्या बांधीखालच्या बांध्या वाचल्या. तोंडं वेळेवर बंद झाली, मधे उघाडही पडली. त्या कास्तकारांनी दुर्गेश्वरी मॅडमचं नाव घेतलं, आणि ते घ्यायलाच हवं होतं. नाल्याकडच्या बांधीतही रोग शिरला नाही. पण वरच्या बांधीत आणि वच्छलाकडे जे व्हायचं होतं ते आधीच होऊन गेलं होतं. पाणी काढून उरलेलं हिरवं काही दिवस टिकलं. मग पुन्हा एक पाऊस लागून राहिला, आणि धान निसवायच्या वेळेला दोन्ही बांध्या दुरून पाहिल्या तर तणसीच्या, वाळल्या पेंढ्याच्या, ढिगासारख्या पांढरट दिसू लागल्या. लोंब्या आल्या, पण उभ्याच राहिल्या. भरलेली लोंबी वाकते. या वाकल्या नाहीत. हातात घेऊन चोळल्या की नुसतं फोल उडायचं.

दिवाळीच्या सुमाराला बाकी गावाची कापणी सुरू झाली तेव्हा सुशिलाबाईनं वरची बांधी कापून घेतली. थोडं पदरात पडलं. नाल्याकडच्या बांधीनं घर चालेल एवढं दिलं. वच्छलानं आपली बांधी कापलीच नाही. सुकराम सुटी काढून आला, धुऱ्यावर उकिडवा बसून एक बिडी ओढली, आणि शेळ्या आत सोडून दिल्या. जमिनीच्या मालकानं दुसऱ्या कोणाला तरी जमीन देऊ केली. पुढच्या सालासाठी वच्छलानं मागितलीही नाही.

हिमांशूकडे फोटो यायचे थांबले नाहीत. विचित्र होतं, पण लोक अजूनही पाठवत होते. तो उत्तर द्यायचा, पण रोगाचं नाव सांगायचा नाही. 'मॅडमला बोलावतो, तोवर काही मारू नका,' एवढंच लिहायचा. लोकांना ते आवडायचं नाही. गोवर्धन तर तोंडावर म्हणाला, "पहिले तू बरा होता. आता तू बी सरकारी झाला." दुर्गेश्वरी मॅडमनं त्याला फोटो कसा काढायचा ते शिकवलं. सकाळचा, आजार नुकता सुरू झालेल्या पानाचा, एक झाडाचा, एक पूर्ण बांधीचा, आणि सोबत पाणी कुठून येतं ते लिहून. असे फोटो आले की कुठं आधी जायचं ते त्यांना ठरवता यायचं. तो ते नेमानं करायचा. पण वच्छलाच्या घरासमोरून जाणारी वाट त्यानं सोडली. गोरेगावला जायचं तर गावाला वळसा घालून जायचा.

एकदा सुशिलाबाई नव्या धानाचे तांदूळ पायलीत घेऊन वच्छलाकडे गेली. वच्छला दारात शेण सारवत होती. गोंदियाला जायचं ठरलं होतं. मिलजवळ खोली पाहिली होती, तिलाही तिथं पोती शिवायचं काम लागणार होतं.

"हे ठेव," सुशिलाबाई म्हणाली.

वच्छलानं तांदळाकडे पाहिलं. हात शेणाचेच होते, ते तिनं पुसले नाहीत.

"नोको बाई."

"माह्या पोरानं..."

"तुह्या पोरानं जानून नाही केलं. मले माहीत आहे." वच्छला पुन्हा खाली वाकली. "त्यानं फुकट मारून देल्लं. एक पैसा नाही घेतला. कैलाशनं बी खोटं औषध नाही देल्लं. मॅडम बी आल्या. तू बी आपला धान उपटून पानी वळवलं, मी डोळ्यानं पाह्यलं. सगळ्यायनं चांगलंच केलं माह्यासाठी." तिनं शेणाचा हात भुईवरून गोल फिरवला. "मंग मी राग कोनावर काढू, तूच सांग. कोनावरच काढता येत नाही, म्हनून तो जात नाही."

सुशिलाबाई पायली घेऊन तशीच उभी राहिली. वच्छलानं सारवत सारवत उंबऱ्यापर्यंत आणलं. ओल्या सारवणावर पाय पडू नये म्हणून सुशिलाबाईला एक पाऊल मागे सरावं लागलं, मग आणखी एक. अंगणाच्या काठावर आल्यावर ती वळली आणि घराकडे निघाली.